आराधी गाण्यांचा 'लायसन्स' करार: सही करण्याआधी कोणते शब्द खोडावेत

प्रश्न: वकील साहेब, मी अंबाजोगाईचा. आराधी गाणी स्वतः लिहितो, चाल लावतो आणि गातो. दोन गाणी लातूरच्या स्टुडिओत स्वखर्चाने ध्वनिमुद्रित केली, ३८ हजार रुपये गेले. आता मुंबईची एक म्युझिक कंपनी ४० हजार देऊन 'लायसन्स अॅग्रीमेंट' करू म्हणते. करार इंग्रजीत नऊ पानांचा आहे. २० टक्के रॉयल्टी लिहिली आहे, मुदत 'परपेच्युअल' आणि प्रदेश 'युनिव्हर्स' आहे. एका गाण्याचे ध्रुपद आजीकडून ऐकलेले, बाकी सगळे माझे. मी कोणत्याही संस्थेचा सभासद नाही. नवरात्राआधी गाणी यावीत म्हणून कंपनी घाई करते आहे, फोनवर मी होकार दिला आहे. सही करू का?

उत्तर: आहे त्या मसुद्यावर सही करू नका. मात्र या कंपनीशी व्यवहारच करू नये, असे मी म्हणत नाही. आपण कळवलेल्या कलमांवरून हा मसुदा बरा होण्यासारखा दिसतो, आणि तो बरा करण्यासाठी नवीन कलमे लिहिण्यापेक्षा आहेत ते शब्द खोडण्याचे काम अधिक आहे. याचे कारण असे की कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या कलम १९ प्रमाणे, करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो, आणि दिलेला हक्क समोरच्याने वर्षभरात वापरलाच नाही तर तो हक्क त्याच्याकडून आपोआप सुटतो. हे कलम मुळात कॉपीराइटच्या हस्तांतरणासाठी आहे, परंतु कलम ३०-अ ने ते आवश्यक त्या फेरफारासह परवान्यालाही लागू केले आहे. म्हणजे जिथे करार गप्प आहे तिथे कायदा लेखकाच्या बाजूने बोलतो. कंपनीच्या वकिलांना हे पक्के ठाऊक असते, म्हणूनच त्यांच्या मसुद्यात एकही जागा कोरी नसते, आणि 'परपेच्युअल', 'युनिव्हर्स' हे शब्द त्या कोऱ्या जागा बुजवण्यासाठीच येतात.

मुदतीकडे आणि टक्केवारीकडे वळण्याआधी आपण नेमके काय देत आहात ते पाहू, कारण मला भेटणाऱ्या बहुतेक कलावंतांचा पहिला घोटाळा इथेच होतो. मसुद्यात आपला उल्लेख सुरुवातीपासून शेवटपर्यंत 'आर्टिस्ट' एवढाच असणार. कायद्याच्या दृष्टीने मात्र या व्यवहारात आपण एकटे चार माणसे आहात. शब्द आपले, म्हणून साहित्यकृतीचे लेखक आपण. चाल आपली, म्हणून संगीतकृतीचेही लेखक आपणच, कारण कायदा संगीतकृतीत शब्द धरत नाही आणि संगीताचा लेखक म्हणजे संगीतकार असे सांगतो. गायलात आपण, म्हणून सादरकर्त्याचा वेगळा हक्क आपला. चौथा हक्क ध्वनिमुद्रणाचा आहे, आणि त्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक त्याचा निर्माता असतो, आणि ज्याने मुद्रण घडवून आणण्यात पुढाकार घेतला व जबाबदारी उचलली तो निर्माता, अशी कायद्याची व्याख्या आहे. स्टुडिओ आपण ठरवलात, वादक आपण बोलावलेत, ३८ हजार आपल्या खिशातून गेले. तेव्हा ज्याला लोक 'मास्टर' म्हणतात ते मुद्रण आज आपल्या मालकीचे आहे. कंपनी ४० हजार देते आहे ती तयार मालासाठी, आणि मुद्रणाचा खर्च वजा केला तर तिने आपल्या लेखणीची, चालीची आणि गळ्याची मिळून किंमत दोन हजार रुपये लावली आहे.

म्हणून स्टुडिओचे बिल आजच आपल्या नावावर घेऊन ठेवा. संबळवाला, झांजवाला आणि कीबोर्डवर साज चढवणारा, या तिघांकडून त्यांचे मानधन मिळाल्याचे आणि या मुद्रणाच्या वापरास त्यांची हरकत नसल्याचे प्रत्येकी एक पान लिहून घ्या. कंपनी ही हमी आपल्याकडून मागणारच आहे, आणि नंतर वादकाने तक्रार केली तर करारानुसार नुकसान भरून देण्याची पाळी आपल्यावर येईल.

आता देण्याच्या कलमातले क्रियापद बघा. वर मथळा 'लायसन्स' असला तरी आत बहुधा 'ग्रँट्स, असाइन्स अँड ट्रान्सफर्स' असे तीन शब्द एका ओळीत आलेले असतात. 'ग्रँट्स' पुढे 'अ लायसन्स' असेल तर तो परवाना, म्हणजे जागा भाड्याने देण्यासारखे आहे आणि मालकी आपलीच राहते. 'असाइन्स' आणि 'ट्रान्सफर्स' हे सातबारा नावावर करून देण्याचे शब्द आहेत. व्यवहाराचे स्वरूप मथळ्यावरून ठरत नाही, आतल्या मजकुरावरून ठरते. आपल्या मसुद्यात हे दोन शब्द असतील तर पेनाने खोडा, आणि मालकी परवाना देणाऱ्याकडेच राहील असे एक वाक्य त्या कलमात घालून घ्या. इथे परवाना देणारे म्हणजे आपण.

याच कलमात 'एक्सक्लुसिव्ह' हा शब्द असेल. त्याचा अर्थ 'दुसऱ्या कंपनीला देणार नाही' एवढाच लोक समजतात. कायद्यातली व्याख्या त्यापेक्षा कडक आहे: एक्सक्लुसिव्ह परवाना म्हणजे इतर सर्वांना वगळून, आणि त्या 'इतर सर्वांत' खुद्द कॉपीराइटचा मालकही आला. म्हणजे मर्यादा न घालता हा शब्द मान्य केला तर योगेश्वरीच्या नवरात्रात आपणच आपले गाणे गाऊन त्याचा व्हिडिओ आपल्या चॅनलवर टाकायला आपल्याला कंपनीची परवानगी लागेल. हे मी पुस्तकातले सांगत नाही. बीड जिल्ह्यातल्या एका गोंधळ्याची फाईल माझ्याकडे आली होती. त्याने एका कंपनीला गाणे दिले आणि दोन महिन्यांनी, जागरणाच्या रात्री घरच्यांनी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ स्वतःच्या चॅनलवर टाकला. दुसऱ्या दिवशी त्या व्हिडिओवर हक्काचा दावा आला आणि त्याची कमाई कंपनीकडे वळली. कंपनीने गाणे यूट्यूबच्या कंटेंट आयडी व्यवस्थेत नोंदवले होते, आणि ती व्यवस्था आवाज ओळखते, गाणारा माणूस ओळखत नाही. माझ्याकडे आला तेव्हा तो म्हणाला, "साहेब, माझ्याच आवाजावर मीच चोर ठरलो." कराराच्या कलमाप्रमाणे कंपनी चुकलेली नव्हती, त्यामुळे पुढची सगळी खटपट विनवणीच्या स्वरूपाची झाली.

तेव्हा परवाना एक्सक्लुसिव्ह द्यायचाच असेल तर तो फक्त या दोन ध्वनिमुद्रणांचा, तोही डिजिटल प्रसारणापुरता द्या. प्रत्यक्ष कार्यक्रमात गाणे, त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ आपल्या चॅनलवर टाकणे, गाणी पुस्तिकेत छापणे, चित्रपटात किंवा जाहिरातीत वापरू देणे, आणि शब्द वा चाल घेऊन नवे गाणे करू देणे, हे सगळे आपल्याकडे राहते असे स्पष्ट लिहून घ्या. आपल्या चॅनलचे नाव करारात घालून त्यावर कंपनी दावा लावणार नाही, लागला तर सात दिवसांत काढील, असेही लिहवून घ्या. आपल्या एकूण प्रकरणात हे वाक्य मला रॉयल्टीच्या एखाद-दुसऱ्या टक्क्यापेक्षा मोलाचे वाटते.

प्रदेशावर मी फार शाई खर्च करणार नाही. 'युनिव्हर्स' वाचून लोक हसतात किंवा घाबरतात, पण डिजिटल प्रसारणात गाणे अमेरिकेतही ऐकू येणारच, आणि ते तिथे बंद ठेवून आपला एक रुपयाही वाढत नाही. वाटाघाटीत समोरच्याला काहीतरी सोडल्याचे समाधान द्यावे लागते, ते इथे द्या. 'डिजिटल प्रसारणापुरते संपूर्ण जग, अन्य सर्व बाबतीत भारत' एवढा बदल पुरेसा आहे. याच ओळीला चिकटून 'आज अस्तित्वात असलेली व पुढे निघणारी सर्व माध्यमे' असे शब्द असतात. २०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये असे परंतुक आले की हस्तांतरणाच्या वेळी जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा त्या दस्तात खास उल्लेख असल्याशिवाय ते हस्तांतरण त्या माध्यमाला लागू होत नाही. 'पुढे निघणारी सर्व माध्यमे' हा मोघम शब्दप्रयोग खास उल्लेख ठरत नाही, असा युक्तिवाद त्यामुळे करता येतो. परंतु हे परंतुक हस्तांतरणाच्या कलमातले आहे आणि आपला दस्त परवान्याचा व्हावा अशी आपली धडपड आहे, म्हणून भांडणाच्या वेळी परंतुकावर विसंबण्यापेक्षा ते शब्द आजच खोडलेले बरे.

मुदतीचे मात्र सविस्तर बोलू. 'परपेच्युअल' म्हणजे व्यवहारात कॉपीराइट असेपर्यंत. शब्द आणि चालीवरचा आपला कॉपीराइट आपल्या हयातीभर आणि त्यानंतर ६० वर्षे राहतो, म्हणजे ४० हजारांत आपल्या नातवंडांच्या हयातीपर्यंतचा सौदा होतो आहे. बाजारात दहा वर्षेही मागतात आणि तीनही मान्य करतात. आपल्यासारख्या गाण्यांना मी तीन ते पाच वर्षांपलीकडे जाऊ देत नाही, आणि त्याला या गाण्यांच्या जातीचेच कारण आहे. चालू फॅशनचे गाणे पहिल्या वर्षी धावते आणि मग थंडावते, त्यामुळे त्याची पुढची वर्षे लिहून दिली तरी फारसे जात नाही. आराधी गाणे एकदा लोकांच्या तोंडी बसले की दर आश्विनात नव्याने उठते. तुळजापूरच्या वाटेवर, घटस्थापनेच्या मंडपात, जीपच्या स्पीकरवर ते पुन्हा वाजते. त्याची पाचव्या वर्षाची कमाई पहिल्या वर्षापेक्षा कमीच असेल असे गृहीत धरता येत नाही.

म्हणून आपण मुदत वर्षांत मोजू नका, शारदीय नवरात्रांत मोजा. करार १ सप्टेंबरला सुरू होऊन पाचव्या वर्षीच्या ३१ ऑगस्टला संपला तर कंपनीला पाच नवरात्रे मिळतात. 'पाच वर्षे व त्यानंतर साठा संपवण्यास ६० दिवस' असे लिहिले की सहावे नवरात्र अलगद कंपनीच्या पदरात पडते. हा 'साठा संपवण्याचा' काळ कॅसेटच्या जमान्यातला आहे. डिजिटल गाण्याचा साठा गोदामात पडून राहत नसतो, तेव्हा ते शब्द खोडा. आणखी दोन जागा तपासा. एक, मुदत सहीपासून मोजायची की प्रकाशनापासून? प्रकाशनापासून असेल आणि प्रकाशन कधी करायचे याचे बंधन कंपनीवर नसेल, तर गाणे कपाटात पडून राहील आणि मुदत सुरूच होणार नाही. वर्षभर न वापरल्यास हक्क सुटण्याची जी तरतूद मी वर सांगितली तिला 'करारात वेगळे नमूद नसल्यास' अशी पुस्ती आहे, आणि कलम १९(४) लागू होणार नाही असे एक वाक्य कंपन्यांच्या मसुद्यात हमखास सापडते. ते खोडून, सहीपासून ३० दिवसांत गाणी प्रकाशित झाली नाहीत तर परवाना संपेल असे घालून घ्या. कंपनीलाच नवरात्राची घाई आहे, तेव्हा तिला हे जड जाऊ नये. दोन, मुदत आपोआप वाढण्याचे कलम. मुदत संपण्याच्या ९० दिवस आधी आपण लेखी कळवले नाही तर ती पुन्हा तेवढीच वाढेल, असे ते असते, आणि ती तारीख कोणाच्याही लक्षात राहत नाही. वाढ फक्त दोघांच्या लेखी संमतीने व्हावी. मुदत संपल्यावर १५ दिवसांत गाणी सर्व ठिकाणांहून उतरवणे आणि कंटेंट आयडीमधली नोंद मोकळी करणे हेही कंपनीचे काम म्हणून लिहा, नाहीतर कागदावर गाणे परत येते आणि दावे मात्र जुनेच लागत राहतात.

आता रॉयल्टी. २० टक्के हा आकडा चांगला की वाईट, हे तो कशाचे २० टक्के आहेत हे कळल्याशिवाय सांगता येत नाही. मसुद्यात 'नेट रिसीट्स', म्हणजे खर्च वजा जाता उरलेली जमा, असे असेल, आणि त्याची व्याख्या पुढे कुठेतरी, बहुधा सातव्या-आठव्या पानावर असेल. ती शोधून काढा. मी एक समजुतीसाठीचा हिशेब मांडतो. आकडे माझे आहेत, वजावटीचे प्रकार मात्र अशा मसुद्यांत नेहमी दिसणारे आहेत.

समजा दोन्ही गाण्यांचे मिळून वर्षाला कंपनीच्या हाती दीड लाख रुपये आले. व्याख्येप्रमाणे वितरण खर्च २५ टक्के, म्हणजे ३७,५०० रुपये वजा. प्रसिद्धीचा 'प्रत्यक्ष खर्च' ५०,००० वजा. तो खरा किती झाला हे विचारण्याची सोय करारात नाही. कार्यालयीन खर्च एकूण जमेच्या १० टक्के, म्हणजे १५,००० वजा. उरले ४७,५००, आणि त्याचे २० टक्के म्हणजे ९,५०० रुपये. म्हणजे आपला खरा वाटा जमेच्या साडेसहा टक्क्यांच्या आतच आहे. तेही हातात येत नाहीत, कारण ४० हजार ही 'रिकूपेबल अॅडव्हान्स' आहे, म्हणजे आगाऊ रॉयल्टी असून ती आधी वळती व्हायची आहे. दरवर्षी हेच आकडे राहिले तर पाच वर्षांची रॉयल्टी ४७,५०० होते, त्यातून ४० हजार वळते होऊन आपल्याला पाचव्या वर्षाच्या शेवटी ७,५०० रुपये मिळतात. त्या काळात कंपनीच्या हाती साडेसात लाख आलेले असतात.

याच आकड्यांवर 'कंपनीच्या हाती प्रत्यक्ष आलेल्या रकमेच्या ३० टक्के, कोणतीही वजावट न करता' असे लिहिले असते तर पहिल्याच वर्षी ४५,००० झाले असते, आगाऊ रक्कम त्याच वर्षी फिटली असती आणि पाच वर्षांत एकूण सव्वादोन लाख झाले असते. तेव्हा टक्केवारीवर घासाघीस करत बसण्याआधी पाया बदलून घ्या. कंपनी वजावट अजिबात सोडत नसेल तर सर्व वजावटी मिळून १५ टक्क्यांपेक्षा जास्त नसाव्यात अशी कमाल मर्यादा घाला. 'प्रत्यक्ष खर्च' असा मोकळा शब्द मात्र राहू देऊ नका.

या कराराच्या रॉयल्टीखेरीज आणखी एक पैसा आपला आहे आणि तो सहीने सोडताच येत नाही, हे बहुतेक गीतकारांना माहीत नसते. चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्दांच्या आणि चालीच्या लेखकाला त्या कृतीच्या कोणत्याही वापरापोटी मिळणाऱ्या रॉयल्टीत बरोबरीचा वाटा मागण्याचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीने दिला आहे. तो हक्क वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो, अन्य कोणाला देता येत नाही, आणि तो सोडून देणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. ही तरतूद कलम १८ च्या परंतुकात आहे आणि तिचाच धागा कलम १९(१०) मध्ये आहे. कलम १९ परवान्याला लागू होत असल्याने 'परवान्याला हे लागत नाही' असे कंपनीने म्हटले तर १९(१०) दाखवा. इथे दोन गोष्टींची गल्लत करू नका. हा बरोबरीचा वाटा शब्द आणि चालीच्या वापराच्या रॉयल्टीतला आहे, ध्वनिमुद्रणाच्या सगळ्या कमाईतला अर्धा भाग नव्हे. आणि गायक म्हणून किंवा मुद्रणाचा मालक म्हणून आपल्याला जे मिळायचे त्याला एवढे भक्कम कवच नाही, ते करारातच नीट लिहून घ्यावे लागते. सादरकर्त्याला व्यापारी वापरापोटी रॉयल्टीचा अधिकार कलम ३८-अ मध्ये सांगितला आहे, पण तो सोडताच येत नाही अशी लेखकासारखी भाषा तिथे नाही.

शब्द-चालीची ही रॉयल्टी वसूल करायला एकटा माणूस रेडिओ केंद्रांच्या आणि कंपन्यांच्या दारोदार जाऊ शकत नाही, ते काम इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस ही नोंदणीकृत संस्था करते. रेडिओवर ध्वनिमुद्रण वाजते तेव्हा त्यातल्या शब्द-संगीताच्या लेखकांनाही रॉयल्टी देणे आहे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये याच संस्थेच्या दाव्यात दिला आहे. आपण गीतकार आणि संगीतकार अशा दोन्ही नात्यांनी सभासद होऊ शकता. शक्य तर सहीच्या आधी व्हा, आणि संस्थेमार्फत मिळणारी लेखकाची रॉयल्टी या करारातून वगळली आहे, आगाऊ रकमेत ती वळती होणार नाही, असे लिहून घ्या. संस्थेला आधी दिलेल्या हक्काच्या विरुद्ध जाणारा दस्त कलम १९(८) प्रमाणे रद्द ठरतो, त्यामुळे सभासदत्व कंपनीपासून लपवू नका.

आजीच्या ध्रुपदाचा प्रश्न इथेच येऊन मिळतो. मसुद्यात 'संपूर्ण कृती माझी स्वतंत्र निर्मिती आहे' अशी हमी आणि ती खोटी ठरल्यास अमर्याद भरपाई असणार. ध्रुपद परंपरेतले आहे, कोणा एकाचे नाही, म्हणून वापरायला अडचण नाही. पण ते आपले आहे अशी हमी देऊ नका. उलट बाजूची चूकही तेवढीच महाग पडते. काही कंपन्या अशा गाण्यांवर गीतकाराच्या जागी सरळ 'पारंपरिक' लिहून मोकळ्या होतात, आणि एकदा तशी नोंद झाली की लेखकाच्या वाट्याला दावा करणारा कोणी उरतच नाही. म्हणून परिशिष्टात ध्रुपदाच्या दोन ओळी जशाच्या तशा लिहून त्यापुढे 'पारंपरिक' लिहा, आणि अंतऱ्यांच्या ओळी लिहून त्यापुढे आपले नाव लिहा. चालीचेही असेच करा: ध्रुपदाची चाल जुनी असेल आणि अंतऱ्याची आपली असेल तर तसे नमूद करा. भरपाईची मर्यादा या करारातून आपल्याला प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेएवढी ठेवा.

हिशेब दर सहा महिन्यांनी, गाणेवार आणि माध्यमवार यावा, आणि कंपनीला वितरकाकडून आलेल्या मूळ तक्त्याची प्रत सोबत असावी. वर्षातून एकदा आपल्या खर्चाने वह्या तपासण्याचा हक्क ठेवा, आणि तफावत १० टक्क्यांहून जास्त निघाली तर तपासणीचा खर्च कंपनीने द्यावा. यापेक्षा सोपी एक खूण सांगतो: कंपनीने रॉयल्टीवर टीडीएस कापला असेल तर आयकर खात्याच्या फॉर्म २६एएसमध्ये तो आपल्या पॅनवर दिसतो. तिथे दिसणारी रक्कम आणि आपल्या हाती आलेला हिशेब जुळत नसेल, तर विचारपूस तिथूनच सुरू करता येते. कंपनीनेच एकटा लवाद नेमावा असे कलम असेल तर तेही खोडा. अशी एकतर्फी नेमणूक सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून अमान्य ठरवली आहे.

कंपनीला उत्तर पाठवताना देण्याचे कलम साधारण असे सुचवा: 'परवाना देणारा परिशिष्टात वर्णिलेल्या दोन ध्वनिमुद्रणांचे डिजिटल माध्यमांतून प्रसारण करण्याचा एक्सक्लुसिव्ह परवाना सहीच्या तारखेपासून पाच वर्षांसाठी, परंतु पाच शारदीय नवरात्रांपेक्षा अधिक नाही अशा मुदतीसाठी, कंपनीला देत आहे. शब्द, चाल, सादरीकरण व ध्वनिमुद्रण यांची मालकी आणि येथे स्पष्टपणे न दिलेला प्रत्येक हक्क परवाना देणाऱ्याकडे राहील.' एवढे कंपनीने मान्य केले तर बाकीचे आकडे बसून ठरवता येतात. नवरात्र तोंडावर आले आणि वाटाघाटी संपल्याच नाहीत, तर फक्त या वर्षाच्या दसऱ्यापर्यंतचा, बिनएक्सक्लुसिव्ह, एका पानाचा परवाना वेगळ्या रकमेत द्या. मोठा करार मागाहून होऊ शकतो.

फोनवरच्या होकाराची फार चिंता करू नका. कलम ३० प्रमाणे परवाना लेखी असावा लागतो. परंतु 'सही केलेला' ही अट याच कलमातून २०१२ मध्ये निघून गेली आहे, त्यामुळे कंपनीच्या मसुद्याखाली व्हॉट्सअॅपवर 'मान्य आहे, पुढे चला' एवढे जरी आपण लिहिलेत तरी तो लेखी परवाना आहे असे म्हणायला कंपनीला जागा मिळते. 'मसुदा मिळाला, वकिलांकडे वाचायला दिला आहे, लेखी कळवेपर्यंत कोणतीही संमती समजू नये' एवढाच निरोप आज पाठवा, आणि गाण्यांच्या पूर्ण दर्जाच्या फाइली अजून दिलेल्या नसतील तर करार होईपर्यंत देऊ नका.